गाजराच्या पाकिटामागचं गणित

मार्च लागला की न्यू जर्सीतल्या दुकानांत बियाण्यांच्या पाकिटांचे स्टँड दिसू लागतात. सातारा-सांगलीकडून सहा महिन्यांसाठी एडिसनला मुलाकडे आलेल्या आईला मातीतलं सगळं कळतं. ती अडते पाकिटाच्या पाठीवरच्या चार इंग्रजी ओळींशी. सून त्या वाचून दाखवते, पण नुसतं मराठी करून भागत नाही. वाफ्यापाशी बसलेल्या माणसाला हाताने करता येईल असं माप लागतं.

गाजराचं पाकीट घेऊ. त्यावर साधारण असं असतं: बी 1/4" खोल पेरा, ओळींत 12" अंतर ठेवा, रोपं वर आल्यावर 2" वर विरळणी करा, शेवटच्या फ्रॉस्टआधी दोन ते चार आठवडे पेरणी करा.

पहिली गफलत खुणांचीच होते. आकड्यावरच्या दोन रेघा म्हणजे इंच, एक रेघ म्हणजे फूट. 1/4" म्हणजे पाव इंच, सुमारे 6 मिलिमीटर, 'एक ते चार इंच' नव्हे. गाजराच्या बारीक बियात अन्नसाठा जेमतेम असतो. बी इंचभर खाली गेलं तर कोंब वर पोचण्याआधीच दमतो, आणि दोष मात्र बियाण्याला दिला जातो. पाव इंचासाठी पट्टीची गरज नाही. साधी पेन्सिल जवळपास तेवढीच जाड असते. भुसभुशीत मातीवर ती आडवी ठेवून तिच्या जाडीएवढी दाबली की चर तयार. बी टाकून वर माती नुसती भुरभुरायची आणि उगवेपर्यंत ती सुकू द्यायची नाही. वर पापडी धरली तर कोंब तिच्याखालीच अडकतात.

ओळींमधले 12 इंच म्हणजे एक फूट. हे अंतर मुख्यतः माणसाला वावरायला आणि खुरपं चालवायला ठेवलेलं असतं. चार फूट रुंदीच्या वाफ्यात दोन्ही बाजूंनी हात पोचतो, तिथे अर्ध्या फुटावर ओळी घेतल्या तरी चालतात. विरळणीचे 2 इंच मात्र गाजराच्या गरजेचे आहेत, त्यात तडजोड नाही. दोन इंच म्हणजे जवळपास तीन बोटं. चार फुटी ओळीत या हिशेबाने साधारण 24 गाजरं बसतात. पेरलेलं बी त्याच्या कितीतरी पट असतं, म्हणून उरलेली रोपं काढावीच लागतात. जीव होत नाही म्हणून ती ठेवली, की खाली एकमेकांना वेढे घातलेली, बोटाएवढी गाजरं निघतात. रोप उपटण्यापेक्षा कात्रीने जमिनीलगत कापावं, शेजारच्याचं मूळ हलत नाही.

सगळ्यात अवघड आहे ती फ्रॉस्टची ओळ. मराठीत 'दव' म्हटलं की पहाटेचं निरुपद्रवी पाणी डोळ्यांसमोर येतं. इथे अर्थ आहे पान गोठवणारी थंडी. शेवटची फ्रॉस्ट म्हणजे वसंतातली अशी अखेरची रात्र, आणि तिची तारीख ही गेल्या अनेक वर्षांची सरासरी असते, हमी नसते. एडिसनच्या भागात ती 20 एप्रिलच्या सुमारास धरली, तर गाजराची पेरणी 23 मार्च ते 6 एप्रिलच्या दरम्यान येते. कॅलेंडरवर टिपताना महिना अक्षरी लिहावा, कारण अमेरिकेत 4/6 म्हणजे 6 एप्रिल.

महाराष्ट्रात गाजर पावसाळा सरल्यावर पेरतात, म्हणून मार्चमधली ही पेरणी आईला उलटी वाटते. पण गाजर शोधतं ती थंडावलेली माती दोन्हीकडे सारखीच. न्यू जर्सीच्या हिवाळ्यात जमीन गोठते, म्हणून ती वेळ वसंतावर जाते.

पाकिटावर मातीचं तापमान फॅरनहाइटमध्ये असतं. तापाच्या थर्मामीटरमुळे 98 आणि 102 ओळखीचे असतात, 50 मात्र कळत नाही. आकड्यातून 30 वजा करून निम्मं करावं. 50 चे 10 सेल्सियस, 70 चे साधारण 20. माती 10 अंशांवर असेल तर गाजर उगवायला अडीच आठवडे लागू शकतात, 20 अंशांवर आठवडाभर पुरतो. म्हणजे दहाव्या दिवशी वाफा रिकामा दिसला तरी तो उकरू नये.

काकडीच्या पाकिटावर 'हिल' असतं, त्याला आईकडे शब्द तयार आहे: आळं. एका जागी चार-पाच बिया टोकायच्या, जोमदार दोन-तीन वेल ठेवायचे. फरक एवढाच, की आपलं आळं पाणी धरायला खोलगट असतं. तिकडे माती ओली आणि गार असेल तिथे जागा थोडी उंच करतात, म्हणजे ती लवकर तापते आणि पाणी साचत नाही.

शेवटी 'सत्तर दिवसांत तयार' असा आकडा. गाजराला तो पेरणीपासून मोजायचा. टोमॅटोच्या पाकिटावर बहुधा तो रोप वाफ्यात लावल्यापासून असतो, म्हणून त्यात रोपं वाढवण्याचे सहा ते आठ आठवडे वेगळे धरावे लागतात. आईचं परतीचं तिकीट ऑगस्टचं असेल, तर टोमॅटोचं बी मार्चमध्येच घरात, उबदार खिडकीशी रुजायला घालावं लागेल.