फत्तेमारी वाऱ्याविरुद्ध जायची का? एका वाक्याची उलटतपासणी

वेरुळात राहून शिडाच्या जहाजांवर पीएचडी करतो असं सांगितलं की समोरचा आधी हसतो. त्याचंही बरोबर आहे, इथून समुद्र तीनेकशे किलोमीटर लांब. पण आपल्याच जिल्ह्यात, अजिंठ्याच्या दोन नंबरच्या लेण्यात, तीन डोलकाठ्यांचं एक जहाज रंगवलेलं आहे. पूर्णाच्या कथेतलं ते जहाज, आणि पूर्ण हा शूर्पारकाचा, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचा. नौदलाने त्याच चित्रावरून शिवलेल्या फळ्यांचं ‘कौंडिण्य’ हे जहाज बांधून घेतलं आणि मे २०२५ मध्ये कारवारला ताफ्यात आणलं, हे तुम्ही वाचलं असेल.

त्या चित्रातली शिडं चौकोनी आहेत. पुढे कोकण किनाऱ्यावर शेकडो वर्षं जी फत्तेमारी, मचवे, गलबतं चालली, त्यांची शिडं मात्र तिरकी, जवळजवळ त्रिकोणी. इंग्रजी पुस्तकांत याला लॅटीन शीड म्हणतात. हा बदल का झाला? माझ्या सिनॉप्सिसमध्ये मी एका ओळीत उत्तर देऊन टाकलं होतं: ‘लॅटीन शिडामुळे जहाज वाऱ्याविरुद्ध जाऊ शकतं, म्हणून मान्सूनच्या व्यापाराला ते सोयीचं ठरलं.’ पाच पुस्तकांत हेच वाक्य होतं, मी सहावा. मॅडमनी समासात पेन्सिलने फक्त दोन शब्द लिहिले: ‘किती अंश?’

त्या दोन शब्दांनी माझे चार महिने खाल्ले. त्यात काय सापडलं ते सांगतो.

आधी शीड समजून घ्या. फत्तेमारीची डोलकाठी सरळ उभी नसते, पुढे नाळेकडे झुकलेली असते. तिच्यावर एक लांबलचक काठी तिरकी टांगतात, ती परबाण. परबाणाचं पुढचं टोक खाली नाळेपाशी बांधलेलं, मागचं टोक आकाशात. शिडाची सगळ्यात लांब कड या परबाणाला बांधतात आणि मागचा मोकळा कोपरा दोराने ओढून धरतात. जॉन एडी नावाच्या इंग्रज जहाजबांधणी अधिकाऱ्याने १८३४ मध्ये इकडच्या देशी जहाजांचं वर्णन छापलं. त्यातली मोठी फत्तेमारी सुमारे ७६ फूट लांब, २५ फूट रुंद आणि २०० टनांच्या आसपास आहे. म्हणजे परबाण किती जड असेल याचा अंदाज करा. हे वजन पुढे महत्त्वाचं ठरणार आहे.

आता अंश. कुठलंही शिडाचं जहाज वारा येतो त्या दिशेला नाक करून जाऊ शकत नाही. त्या दिशेपासून काही अंश बाजूला राहावंच लागतं. हा कोन जितका लहान, तितकं जहाज वाऱ्याच्या जवळ जातं. ज्युलियन व्हाइटराइट या संशोधकाने २०११ मध्ये भूमध्य समुद्रातल्या जुन्या शिडांची तुलना केली, प्रतिकृती जहाजांच्या सफरींच्या नोंदी घेऊन. निष्कर्ष असा की वाऱ्याविरुद्ध जाण्यात तिरकं शीड आणि चौकोनी शीड यांत सांगण्यासारखा फरक नाही. पाण्यात बाजूला घसरणं धरून दोघांचा कोन साठ-पासष्ट अंशांच्या आसपास येतो.

म्हणजे माझं वाक्य पडलं. मग हेच शीड इथे का टिकलं? उत्तर मला शिडात सापडलं नाही, किनाऱ्यावरच्या वाऱ्यात सापडलं.

भूगोलाच्या पुस्तकात खारे वारे आणि मतलई वारे होते, आठवतं? दुपारी जमीन तापते आणि समुद्राकडून खारा वारा येतो. रात्री जमीन गार होते आणि मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो. ऑक्टोबर ते मे या मोकळ्या मोसमात कोकणात खारा वारा साधारण वायव्येकडून येतो आणि मतलई पूर्व-ईशान्येकडून. हा दुसरा हळू असतो, आणि किनाऱ्यापासून फार दूर गेलं की विरून जातो.

आता रत्नागिरीहून मुंबईला निघू या. अंतर सुमारे १२० सागरी मैल (एक सागरी मैल म्हणजे १.८५ किलोमीटर). दिशा जवळपास उत्तर, पण १३ अंश पश्चिमेकडे कललेली. होकायंत्राच्या भाषेत ३४७ अंश. खालचे वेग मी हिशेबासाठी धरलेत, कोणाच्या रोजनिशीतले नाहीत. कोन ६० अंश धरलाय.

दुपार. वारा वायव्येचा, म्हणजे ३१५ अंशांवरून. मुंबई ३४७ वर. वारा आणि मुंबई यांत फक्त ३२ अंश, सरळ जाणं अशक्य. दोन पर्याय उरतात. वारा डाव्या अंगावर घेतला तर जहाज ३१५ अधिक ६०, म्हणजे १५ अंशांवर जातं: मुंबईच्या दिशेपासून २८ अंश सरकलेलं, किनाऱ्याकडे झुकत. वारा उजव्या अंगावर घेतला तर ३१५ वजा ६०, म्हणजे २५५ अंश. हे मुंबईच्या दिशेपासून ९२ अंश झालं! सगळा वेळ समुद्रात आत जाण्यात जाणार आणि मुंबई एक मैलसुद्धा जवळ येणार नाही, उलट किंचित लांबच जाईल.

इथे मी कागदावर दोन वेळा गणित तपासलं. एकाच वायव्य वाऱ्यात नागमोडी जायचं ठरवलं, तर अर्धी नागमोड पूर्ण फुकट जाते. म्हणून दुपारी एकच बाजू धरायची, किनाऱ्याकडे जाणारी. तासाला ४ मैलांनी ७ तासांत २८ मैल कापले, तर मुंबईच्या दिशेने पदरात पडतात जवळपास २५ मैल, आणि किनाऱ्याकडे सरकतो १३ मैल. म्हणजे दुपारी निघताना आपण किनाऱ्यापासून १३ मैलांहून जास्त आत असायलाच हवं. तिथे पोचवणार कोण? रात्रीचा मतलई.

रात्री वारा साधारण ६७ अंशांवरून. किनाऱ्याजवळून निघून १३ मैल बाहेर यायचंय. तासाला अडीच मैल, आठ तास, एकूण २० मैल. त्यासाठी जहाज साधारण ३०७ अंशांवर धरावं लागतं. वारा उजव्या अंगावर, थोडा मागून, म्हणजे कुठल्याही शिडाला आवडेल असा. मुंबईच्या दिशेने मिळतात १५ मैल. दिवसाचे २५ आणि रात्रीचे १५ मिळून ४०. तीन दिवसांत मुंबई.

आता शेजारी चौकोनी शीड ठेवा, त्याचा कोन ६७ धरा. दुपारचे २५ मैल घटून २३ होतात. बस, एवढाच फरक. कोनाने कोडं सुटत नाही ते असं.

मग फरक कुठे आहे? वळण्यात. आणि गंमत म्हणजे तिथे लॅटीन शीड कमजोर आहे. नाक वाऱ्यातून फिरवून बाजू बदलणं त्याला फार अवघड जातं, कारण परबाण आणि शीड डोलकाठीच्या एका अंगाला असतात आणि बाजू बदलताना ते दुसऱ्या अंगाला न्यावे लागतात. म्हणून तांडेल जहाज उलटीकडून फिरवतो. आधी नाक वाऱ्यापासून दूर नेऊन वारा पाठीमागे घेतात. मग मागचा दोर सोडतात, शीड पुढे फडफडू लागतं. परबाणाचं खालचं टोक डोलकाठीकडे ओढून परबाण जवळजवळ उभं करतात, डोलकाठीच्या पुढून पलीकडे नेतात, मागचा दोरही पुढून फिरवून दुसऱ्या बाजूला आणतात आणि परबाण पुन्हा तिरकं करतात. डोलकाठी पुढे झुकलेली का, हे इथे कळतं: परबाण तिच्यापुढे मोकळं लोंबतं, म्हणून फिरवायला जागा मिळते. पण हे सगळं चालू असताना जहाज वाऱ्यासोबत खाली वाहत असतं, कमावलेलं अंतर घालवत. वारा जोरात असेल तर सुटलेलं परबाण माणसाला समुद्रात फेकू शकतं.

आता वरचं वेळापत्रक पुन्हा बघा. २४ तासांत बाजू किती वेळा बदलली? दोनदा. एकदा संध्याकाळी, एकदा सकाळी उशिरा. आणि या दोन्ही वेळा एक वारा पडलेला असतो, दुसरा उठायचा असतो. शीड लुळं पडलेलं असताना परबाण फिरवायला जोर कमी, धोका कमी, घालवायला अंतरही नाही. या शिडाची सगळ्यात महाग पडणारी क्रिया किनाऱ्यावरचा वारा दिवसातून दोनदा जवळजवळ फुकट करून देतो. ती महाग क्रिया सोडली तर बाकी सगळा फायदाच आहे: डोलकाठीमागे एक मोठं शीड, दोर थोडे, खलाशी थोडे, आणि परबाणाचं टोक इतकं उंच की रात्रीच्या मंद मतलईतही वरचा वारा पकडतं. मंगळुरी कौलं, लाकूड, नारळ असा स्वस्त आणि जड माल नेणाऱ्याला खलाशांची संख्या परवडणं फार मोठी गोष्ट आहे.

हे कधी फसतं? संध्याकाळी खारा वारा पडला आणि तुम्ही अजून दूर समुद्रात असलात, तर मतलई तुमच्यापर्यंत पोचतच नाही. रात्रभर जहाज प्रवाहासोबत तरंगतं. उलट वारा पडायच्या आधीच किनारा गाठलात, तर वारा किनाऱ्याकडे ढकलतोय आणि वळायला खालच्या बाजूला जागा नाही. तेव्हा शीड उतरवून नांगर टाकायचा, एवढंच हातात. कोकणचा समुद्रतळ उथळ असल्याने नांगर धरतो, हे नशीब.

आणि हाच मुद्दा पावसाळ्याला लावा. जून ते सप्टेंबर वारा नैऋत्य-पश्चिमेकडून. कोनाच्या हिशेबाने हा वारा उत्तरेला जायला छान, जवळजवळ काटकोनात येतो! मी आधी इथेच अडकलो होतो: दिशा चांगली तर बंदरं बंद का? कारण हा वारा रात्रीही पडत नाही. वळायला शांत वेळ नाही, वळताना जहाज वाहून जाणार ते थेट खडकांकडे, नांगर त्या लाटांत टिकत नाही, खाड्यांच्या मुखाशी लाटा फुटत असतात. शीड लहान करायचं तर परबाण खाली उतरवून दुसरं छोटं शीड बांधावं लागतं, आणि तेही डोलणाऱ्या जहाजावर. म्हणून जहाजं किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारून ठेवायची आणि नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून मगच पाण्याकडे बघायचं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराची पावसाळी छावणी कुठे आणि कशी करावी याच्या सूचना आहेत, त्या आता या नजरेने वाचा.

सिनॉप्सिसमधलं ते वाक्य मी बदललं. आता तिथे आहे: ‘कोकण किनाऱ्यावर लॅटीन शिडाची सोय त्याच्या कोनात नसून, बाजू बदलण्याची वेळ आणि वारा पडण्याची वेळ जुळण्यात आहे.’ मॅडमनी यावेळी समासात लिहिलं, ‘परतीचं काय?’ मुंबईहून रत्नागिरीला, १६७ अंशांवर, तोच वायव्य वारा. तुम्हीच वजाबाकी करा. वारा जवळजवळ पाठीमागून येतो, वळायचं कामच नाही, फक्त शीड आपोआप दुसऱ्या बाजूला फेकलं जाऊ नये म्हणून सुकाणू धरणाऱ्याला दुपारभर डोळा लावता येत नाही.