बाथरूमचे दार आत उघडते की बाहेर?



वस्तीतल्या घरातले बाथरूम म्हणजे बहुधा तीन बाय चार फुटांची जागा. ते बांधताना फरशी कोणती, नळ कुठे, दार पत्र्याचे की पीव्हीसीचे, हे सगळे घरात बोलले जाते. दार कुठल्या बाजूला उघडायचे हे मात्र कोणी विचारत नाही. मिस्त्री सवयीने ते आत उघडणारे बसवून जातो. त्यालाही कारणे आहेत. दार आत उघडले की ओल्या पल्ल्याचे पाणी मोरीतच गळते आणि बाहेरून जाणाऱ्याला दाराचा धक्का लागत नाही. पण आतले माणूस चक्कर येऊन पडले, तर हेच दार त्याच्या आणि आपल्यामध्ये भिंत होऊन उभे राहते.

चक्कर येण्याची जागा बाथरूमच का, हे आधी पाहू. गरम पाण्याने रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब उतरतो. उकिडवे बसून एकदम उठले की डोक्याकडे जाणारे रक्त क्षणभर कमी पडते. बीपीच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाला हे जास्त जाणवते. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन काही न खाता अंघोळीला गेलेल्याची साखर तिथेच उतरू शकते. वर फरशी ओली आणि साबणाची. चार फुटांच्या जागेत पाच फुटांचे माणूस सरळ आडवे पडू शकत नाही. ते दुमडून पडते, आणि पाय, पाठ किंवा डोके हमखास दाराला टेकते.

आमच्या ओळखीच्या एका घरात हेच झाले. घर दहा बाय चौदाचे, बाथरूम स्वयंपाकाच्या कोपऱ्यात. बीपीच्या गोळ्या घेणाऱ्या आजी अंघोळ करता करता कोसळल्या. कडी लावलेली नव्हती, तरीही दार वीतभराच्या पुढे सरकेना, कारण आजींची कंबर दाराला अडली होती. मुलगा जोर लावायचा आणि आत आजी कण्हायच्या. शेवटी शेजारचा एक सडपातळ पोरगा वरच्या मोकळ्या जागेतून आत उतरला, त्याने आजींना बाजूला केले आणि मग दार उघडले. आजी वाचल्या, मांडीचे हाड मात्र मोडले. दार ढकलताना त्या मोडलेल्या हाडावरच जोर पडत होता, हे कोणाला कसे कळणार?

या बाथरूमचे माप आम्ही नंतर घेतले. आतली जागा बारा चौरस फूट आणि दाराचा पल्ला सत्तावीस इंच रुंद. असा पल्ला आत उघडताना फरशीवर पाव वर्तुळ कापतो. ते भरते जवळजवळ चार चौरस फूट, म्हणजे एक तृतीयांश बाथरूम. दार हलायचे तर एवढी जागा रिकामी हवी. पडलेले माणूस ती रिकामी कशी ठेवणार?

हे तुमच्या घरीही तपासता येते. पल्ल्याच्या रुंदीएवढी सुतळी घ्या, तिचे एक टोक बिजागरीखाली फरशीवर धरा, दुसऱ्या टोकाला खडू बांधा आणि पाव वर्तुळ काढा. एकदा आत, एकदा बाहेर. आतल्या रेषेत बादली, स्टूल किंवा बसलेले माणूस येत असेल तर ते दार संकटात अडणार. बाहेरच्या रेषेत काय काय येते ते पाहिले की ते दार फिरवून बाहेर उघडता येईल का, हे कळते.

आजींच्या घरी बाहेरच्या रेषेत एका बाजूला गॅसचा ओटा येत होता, दुसऱ्या बाजूला घराची भिंत आणि तिला लागून पाण्याचे पिंप. बिजागरी ओट्याच्या बाजूला ठेवली असती तर उघडा पल्ला शेगडीजवळ उभ्या बाईला लागला असता. म्हणून ती भिंतीच्या बाजूला घेतली आणि पिंप दोन फूट सरकवले. आता दार उघडले की पल्ला भिंतीला लागून उभा राहतो, कोणाच्या वाटेत येत नाही. सगळी मेहनत एवढीच.

काम कसे करायचे ते चौकटीवर ठरते. लोखंडी अँगलची चौकट असेल तर फॅब्रिकेटर जुन्या बिजागऱ्या कापून बाहेरच्या कडेला वेल्ड करतो. पीव्हीसीची चौकट स्क्रूने भिंतीला बसवलेली असेल तर ती सोडवून उलटी बसवता येते. लाकडी चौकटीत पल्ला टेकण्याची खाच आतल्या बाजूला असते. ती पट्टीने भरून घ्यावी लागते आणि पल्ला अडावा म्हणून आतून नवी पट्टी ठोकावी लागते. सुतार ही पट्टी विसरला तर दार आत-बाहेर दोन्हीकडे झुलते आणि बिजागरी लवकर ढिली होते.

बाहेर उघडणाऱ्या दाराचा आणखी एक फायदा फारसा कोणी सांगत नाही. त्याच्या बिजागऱ्यांचे गोल बाहेरच्या बाजूला येतात. पिन काढता येणारी बिजागरी घेतली, तर आतून कडी लागलेली असतानाही खिळा आणि हातोडीने पिना वर ठोकून पल्ला बाहेर काढता येतो. आत उघडणाऱ्या दाराच्या पिना आत असतात, तिथे हा उपाय चालत नाही. काही स्वस्त बिजागऱ्यांच्या पिना दोन्ही टोकांना ठोकून बंद केलेल्या असतात. दुकानात पिन हलवून पाहूनच घ्या.

राहिला पाण्याचा प्रश्न. पल्ल्याच्या आतल्या अंगाचे पाणी आता बाहेर गळणार, हे खरे. त्यासाठी बाहेर पायपुसणे ठेवावे आणि मोरीचा उतार दाराकडून नळीकडे आहे ना ते पाहावे. पाणी अडवायला उंच उंबरा बांधण्याचा मोह टाळा. म्हाताऱ्या माणसाचा पाय त्यालाच अडतो. अर्ध्या इंचाची कडप्प्याची पट्टी आणि योग्य उतार एवढ्यावर भागते.

पण बाहेर उघडणारे दार सगळीकडे बसत नाही. दुसऱ्या एका घराचे बाथरूम घराबाहेर, सरळ गल्लीत उघडणारे आहे. गल्ली अडीच फूट, पल्ला दोन फूट. दार उघडले की वाटेला सहा इंच उरतात. अशा ठिकाणी सरकते दार बरे. त्याला ना आत जागा लागते ना बाहेर, आणि ते भिंतीच्या बाहेरच्या अंगाने सरकते, म्हणून आत कोणी दाराजवळ पडले तरी ते उघडते.

अट एकच, दाराच्या एका बाजूला पल्ल्याएवढी भिंत मोकळी हवी. दोन फुटांच्या दारासाठी पल्ला दोन-तीन इंच जास्त घ्यावा, नाहीतर फटीतून आतले दिसते. म्हणजे भिंत साधारण सव्वादोन फूट हवी. त्या भिंतीवर मांडणी असेल किंवा बाबासाहेबांची तसबीर असेल, तर आधी तिची जागा बदलावी लागेल. बाथरूमच्या दारामागे तसबीर झाकली जाणे आपल्याला चालणार नाही. सरकपट्टी वर टांगलेली घ्या. खालच्या पट्टीत वाळू, केस, साबण अडकतो आणि महिन्याभरात दार जाम होते. पत्र्याच्या भिंतीवर ही पट्टी टिकत नाही, निदान चार इंची विटेची भिंत लागते. दार सरकवताना खरखर आवाज येऊ लागला किंवा एक टोक खाली झुकले, तर चाक झिजले आहे असे समजा आणि ते अडकायच्या आधी बदला.

घडीचे दार दोन प्रकारचे. पडद्यासारखे गोळा होणारे पीव्हीसीचे दार स्वस्त असते, पण त्याची घडीच पाच-सहा इंच जागा खाते. दोन फुटांच्या दारातून जायला दीड फूट उरतो. त्यातून माणूस उचलून काढणे कठीण. अगदी निकडीत ते ओढून मोडता येते, हा त्याचा एक गुण. एरवी त्याच्या घड्यांत बुरशी धरते, आडोसाही पुरा होत नाही, आणि घरात सुना-मुली असताना तोही विचार करावा लागतो. दुसरा प्रकार दोन पल्ल्यांचा, मधोमध बिजागरी असलेला. त्याला साध्या दाराच्या निम्मीच जागा लागते. गल्ली अरुंद आणि शेजारी मोकळी भिंतही नाही, अशा घराला हाच पर्याय उरतो. मात्र त्याची घडी बाहेर पडली पाहिजे. आत पडली तर आतले माणूस त्या घडीलाच अडते आणि मूळ अडचण तशीच राहते.

दार कोणतेही असो, कडीकडेही पाहा. बाहेरून नाण्याने किंवा स्क्रूड्रायव्हरने फिरवता येणारी, खाच असलेली बाथरूमची कडी हार्डवेअरच्या दुकानात मिळते. ती कंबरेच्या उंचीवर लावा. अगदी वर लावलेल्या कडीपर्यंत पडलेल्या माणसाचा हात पोचत नाही. आणि घरात आजारी माणूस असेल तर ते अंघोळीला गेल्यावर कडी न लावता दारावर टॉवेल टाकण्याची खूण ठरवणे सगळ्यांत सोपे.

भाड्याच्या घरात दार बदलता येत नसेल आणि आत उघडणाऱ्या दारामागे कोणी पडले, तर धडक मारू नका. आधी हाक मारा. माणूस बोलत असेल तर पाय दुमडून किंवा कुशीवर होऊन दारापासून थोडे सरकायला सांगा. दुसऱ्याने तोवर १०८ ला फोन लावावा. उत्तर नसेल आणि दार पीव्हीसीचे असेल, तर वरच्या अर्ध्या भागाचा पत्रा तोडून आत उतरा. खालचा भाग तोडू नका, कारण माणूस त्यालाच टेकलेले असते.

पाणी तापवायला हीटरचा रॉड वापरत असाल, तर ओल्या फरशीवर पाय ठेवण्याआधी घराचा मेन स्विच बंद करा. आत गॅसचा गीझर असेल तर आधी सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा, दार-खिडकी उघडा आणि माणसाला लगेच मोकळ्या हवेत ओढा. कोंडलेल्या बाथरूममध्ये गीझरमुळे विषारी वायू साठतो. त्याला वास नसतो, आणि मदतीला आत गेलेलाही तिथेच कोसळू शकतो. बाहेर काढल्यावर श्वास चालू असेल तर माणसाला कुशीवर वळवा. श्वास नसेल तर पाठीवर झोपवून छातीच्या मधोमध दोन्ही तळव्यांनी, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, जोराने दाबत राहा. रुग्णवाहिका येईपर्यंत आळीपाळीने दाबा, थांबू नका.