हिंजवडीतल्या वकिलासाठी पहिलं प्रमाणपत्र कोणतं?

मुळशी तालुक्यातल्या हिंजवडीत बसून युरोपातल्या ग्राहकांचं काम करणाऱ्या कंपन्या पुष्कळ आहेत. समजा, अशाच एका कंपनीतून जर्मन ग्राहकाच्या कर्मचाऱ्यांची पगाराची फाइल चुकीच्या पत्त्यावर मेल झाली. आता कुणाला आणि कधी कळवायचं?

युरोपच्या जीडीपीआर कायद्यानुसार ही कंपनी ‘प्रोसेसर’ ठरते. तिने विनाविलंब जर्मन ग्राहकाला कळवायचं. नियामकाला ७२ तासांत कळवायची जबाबदारी त्या ग्राहकाची, आणि तीही लोकांच्या हक्कांना धोका संभवत असेल तरच. घाईत ७२ तासांचं घड्याळ स्वतःच्याच गळ्यात बांधणारे अनुभवी वकीलही असतात. आयएपीपी या संस्थेची ‘सीआयपीपी/ई’ परीक्षा नेमके हेच भेद तपासते, म्हणून वकिलाने सुरुवात तिथून करावी.

अनुपालन अधिकाऱ्याला मात्र ‘सीआयपीएम’ अधिक जवळचं. त्यात कलमांपेक्षा नोंदवह्या, जोखीम-मूल्यांकन आणि घटना घडल्यावरची कार्यपद्धती यांवर भर आहे. भारतीय चौकटीसाठी डीएससीआयचं ‘डीसीपीपी’ आहे.

आपल्या २०२३च्या कायद्याने मोठ्या ‘महत्त्वाच्या’ कंपन्यांना भारतातच राहणारा डेटा संरक्षण अधिकारी नेमायला सांगितलं आहे, पण त्यासाठी एकही प्रमाणपत्र सक्तीचं केलेलं नाही. त्यामुळे मुलाखतीला जाताना प्रमाणपत्रासोबत स्वतः तपासलेला एखादा डेटा प्रक्रिया करार, ग्राहकाची नावं झाकून, जरूर न्यावा. आयएपीपीचं प्रमाणपत्र टिकवायला दर दोन वर्षांनी २० शिक्षण-गुण जमवावे लागतात, हा खर्चही आधीच धरावा.