सोसायटीच्या ग्रुपवरचा विनोद आणि अब्रुनुकसानी

ऑनलाइन कोणाची टिंगल करणे हा भारतात आपोआप गुन्हा ठरत नाही. विनोद बोचरा असला, हलक्या दर्जाचा असला, ज्याच्यावर केला त्याला संताप आला, तरी तेवढ्यावरून कोणाला शिक्षा करता येत नाही. मधली काही वर्षे ती करता येत होती. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 66अ कलमाने त्रासदायक किंवा फार आक्षेपार्ह वाटणारा संदेश पाठवणे हाच गुन्हा ठरवला होता. नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. त्याविषयी फेसबुकवर लिहिणारी पालघरची एक तरुणी आणि ती पोस्ट लाइक करणारी तिची मैत्रीण, अशा दोघींना अटक झाली. या अटकेमुळे श्रेया सिंघल यांची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली आणि 24 मार्च 2015 रोजी न्यायालयाने हे कलम रद्द केले. एकाला आक्षेपार्ह वाटणारे वाक्य दुसऱ्याला साधे वाटू शकते, त्यामुळे अशा मोघम शब्दांवर फौजदारी गुन्हा उभा करता येणार नाही, असा त्या निकालाचा गाभा होता. तो योग्यच होता.

म्हणजे निव्वळ ‘मला वाईट वाटले’ हा आता कायद्याचा प्रश्न उरलेला नाही. त्या विनोदातून एखाद्या माणसाविषयी कोणता आरोप इतरांपर्यंत पोहोचला, हे कायदा पाहतो. बदनामीचा गुन्हा पूर्वी भारतीय दंड संहितेच्या 499 आणि 500 या कलमांत होता. 1 जुलै 2024 पासून तो भारतीय न्याय संहितेच्या 356व्या कलमात आहे. त्यासाठी दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा अशी शिक्षा होऊ शकते.

हे कलम कसे लागू होते, ते एका काल्पनिक प्रसंगातून पाहता येईल. एका गृहनिर्माण सोसायटीची लिफ्ट तीन महिने बंद आहे. साठ सभासदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक जण लिहितो, ‘लिफ्टपेक्षा आपल्या सेक्रेटरींचा फोन जास्त बंद असतो.’ हा टोमणा आहे. सेक्रेटरी कामात ढिले आहेत, असे मत त्यातून दिसते. ते त्यांना झोंबेल, पण चारचौघांत त्यांची पत घालवेल असे त्यात काही नाही. दुसऱ्या दिवशी तोच सभासद लिहितो, ‘दुरुस्ती निधीतून लिफ्ट वर गेली नाही, सेक्रेटरींची नवी गाडी मात्र खाली आली.’ खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागते. वाक्य विनोदीच आहे, पण त्यात आता ठोस आरोप आहे. सेक्रेटरींनी सोसायटीचे पैसे खाल्ले, असा वाचणाऱ्याचा समज होतो. आपल्या शब्दांनी त्या माणसाच्या लौकिकाला धक्का बसेल हे लिहिणाऱ्याला ठाऊक असेल, किंवा तसे मानायला सबळ कारण असेल, तर बदनामीच्या गुन्ह्याला तेवढे पुरते. मनात खुन्नस होती हे वेगळे सिद्ध करावे लागत नाही.

इथे बहुतेक जण उपरोधाचा आडोसा घेतात. समजा, त्या सभासदाने लिहिले, ‘आमचे सेक्रेटरी फार प्रामाणिक. दुरुस्ती निधीला त्यांनी कधी हातसुद्धा लावला नाही,’ आणि पुढे डोळा मारणारे चित्र टाकले. शब्दांत स्तुतीच आहे, असे त्याला म्हणता येईल. पण हा बचाव कायद्याने दीडशे वर्षांपूर्वीच ओळखून ठेवला आहे. उपरोधाने केलेला आरोपही बदनामी ठरू शकतो, असे स्पष्टीकरण या कलमातच आहे. त्याला जोडलेले उदाहरणही याच धाटणीचे आहे. अमका प्रामाणिक आहे, त्याने तमक्याचे घड्याळ चोरले नाही, असे म्हणत ते त्यानेच चोरल्याचा समज करून देणे ही बदनामीच होय. नाव न घेतल्यानेही सुटका होत नाही. ‘बी विंगमधले चष्मेवाले साहेब’ एवढे लिहिल्यावर ग्रुपमधल्या लोकांना माणूस कळत असेल, तर ते नाव घेतल्यासारखेच आहे.

आरोप तिसऱ्या माणसापर्यंत पोहोचणेही आवश्यक असते. हेच वाक्य सभासदाने फक्त सेक्रेटरींना खासगीत पाठवले, तर बदनामी होत नाही, कारण इतरांच्या नजरेतून ते उतरलेले नाहीत. साठ जणांच्या ग्रुपवर मात्र ही अट लगेच पूर्ण होते. दुसऱ्याने लिहिलेले नुसते पुढे ढकलले, ही सबबही भरवशाची नाही. तमिळ अभिनेते आणि माजी आमदार एस. व्ही. शेखर यांनी 2018 मध्ये महिला पत्रकारांविषयीची अवमानकारक पोस्ट फेसबुकवर शेअर केली. नंतर ती काढली आणि माफीही मागितली. मजकूर न वाचताच पुढे पाठवल्याचे त्यांचे म्हणणे होते. मद्रास उच्च न्यायालयाने खटला रद्द करायला नकार दिला आणि ऑगस्ट 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घातला नाही. ग्रुपच्या ॲडमिनची गोष्ट वेगळी आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये स्पष्ट केले की, सभासदाच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणाला जबाबदार धरता येत नाही. दोघांचा आधीपासून तसा बेत होता, हे दिसावे लागते.

मग सोसायटीच्या कारभाराविषयी बोलायचेच नाही का? जरूर बोलावे, आणि त्यासाठी कायद्याने अपवादांची चांगली रुंद वाट ठेवली आहे. आरोप खरा असेल आणि तो उघड करणे लोकहिताचे असेल, तर तो गुन्हा नाही. फौजदारी खटल्यात नुसते खरे असून भागत नाही, लोकहितही दाखवावे लागते. नुकसानभरपाईच्या दिवाणी दाव्यात मात्र सत्य हा एकटाच पुरेसा बचाव आहे. आपल्या किंवा इतरांच्या हितरक्षणासाठी सद्हेतूने केलेले विधान, हाही अपवाद आहे. सद्हेतू म्हणजे नुसते चांगले मन नव्हे; पुरेशी काळजी आणि चौकशी त्यात अपेक्षित असते. ज्या सभासदाने लेखापरीक्षण अहवाल पाहिला, त्यात लिफ्टच्या नावावर खर्च दिसला पण बिल सापडले नाही, आणि ‘या रकमेचे बिल सभेपुढे ठेवावे’ असे लिहिले, त्याची बाजू भक्कम आहे. अहवाल न उघडता गाडीवरून कोटी करणाऱ्याची बाजू लंगडी आहे, कारण अपवाद लागू होतो हे दाखवण्याचा भार आरोपीवरच असतो.

लक्ष्य स्त्री असेल आणि विनोद तिच्या चारित्र्यावर, शरीरावर घसरला, तर प्रकरण बदनामीपुरते राहत नाही. स्त्रीच्या विनयशीलतेचा अवमान करण्याच्या हेतूने शब्द उच्चारणे हा वेगळा गुन्हा आहे. तो पूर्वी दंड संहितेच्या 509व्या कलमात होता, आता न्याय संहितेच्या 79व्या कलमात आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत साधी कैद आणि दंड आहे. दक्षिण मुंबईतल्या एका सोसायटीत एका रहिवाशाने शेजारणीच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवणाऱ्या ईमेल लिहिल्या आणि त्यांच्या प्रती इतर रहिवाशांना पाठवल्या. तिने 2009 मध्ये तक्रार केली. कलमात ‘उच्चारणे’ असे म्हटले आहे, लिहिलेले शब्द त्यात बसत नाहीत, असा आरोपीचा युक्तिवाद होता. ऑगस्ट 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो फेटाळला आणि ईमेल किंवा समाजमाध्यमावरचे शब्दही या कलमात येतात, असे ठरवून 509 खालचा गुन्हा रद्द करण्यास नकार दिला. हा दोषसिद्धीचा निकाल नव्हता, खटला चालेल एवढाच त्याचा अर्थ होता. तरीही लेखी शेरेबाजी सुरक्षित असते, हा समज त्याने मोडीत काढला.

छळाच्या गुन्ह्यात एका वाक्यापेक्षा ते थांबते की नाही, याला अधिक महत्त्व असते. स्त्रीने नको असल्याचे स्पष्ट दाखवूनही पुरुषाने तिच्याशी पुन्हा पुन्हा संपर्क साधला, किंवा तिच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवली, तर न्याय संहितेच्या 78व्या कलमाखाली तो पाठलाग ठरतो. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत, पुढच्या वेळी पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तिने ब्लॉक केल्यावर नव्या नंबरवरून ‘गंमत’ पाठवत राहणारा माणूस नकाराचा पुरावा स्वतःच तयार करत असतो. या कलमात आरोपी पुरुष आणि पीडित स्त्रीच असू शकते, ही कायद्यातली उघड उणीव आहे. एखाद्या पुरुषाला टोळीने महिनोन्‌महिने पिडले, तर त्याला धमकीचे किंवा शांतताभंगाला चिथावणाऱ्या अपमानाचे कलम शोधावे लागते. घाबरवण्यासाठी दिलेल्या धमकीला 351व्या कलमाखाली दोन वर्षांपर्यंत कैद आहे. ठार मारण्याची धमकी असेल तर ती सात वर्षांपर्यंत जाते. ‘मस्करीत म्हणालो’ हा बचाव टिकेल की नाही, हे आधीचे भांडण, पत्ता-फोटो टाकला होता का, संदेश किती वेळा गेला, यांवर ठरते.

तक्रारीची वाटही गुन्ह्यागणिक बदलते. पाठलाग आणि 79व्या कलमाचा गुन्हा दखलपात्र असल्याने पोलिस थेट एफआयआर नोंदवतात. ऑनलाइन तक्रार cybercrime.gov.in या संकेतस्थळावरही करता येते. निव्वळ बदनामीसाठी मात्र पोलिस ठाण्यात गेलेल्या माणसाला बहुधा परत पाठवले जाते, आणि ते नियमाला धरून असते. तो अदखलपात्र, जामीनपात्र गुन्हा आहे. ज्याची बदनामी झाली त्याने न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे स्वतः फिर्याद द्यावी लागते. नव्या प्रक्रिया संहितेनुसार दखल घेण्यापूर्वी आरोपीलाही म्हणणे मांडण्याची संधी मिळते.

अशी प्रकरणे बहुतेक वेळा पुराव्यावर अडतात. संदेश ‘सर्वांसाठी डिलीट’ झाला की हाती फक्त स्क्रीनशॉट राहतो, आणि तो बनावट असल्याचे म्हणणे सोपे असते. म्हणून ज्या फोनवर संदेश आला तो फोन जपावा, चॅट मिटवू नये, पाठवणाऱ्याचा नंबर, तारीख आणि वेळ दिसेल अशी नोंद ठेवावी. पोस्ट असेल तर तिची लिंक जतन करावी. न्यायालयात छापील प्रत द्यायची तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या 63व्या कलमाचे प्रमाणपत्र सोबत लागते. मुदतीचेही भान हवे. बदनामीची फौजदारी फिर्याद तीन वर्षांच्या आत द्यावी लागते, तर भरपाईच्या दिवाणी दाव्याला मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून एकच वर्ष मिळते.