नाव नको, कसं लागतं ते सांग

बालवाडीत जादूच्या खोक्याचा खेळ मांडला की पहिलं मूल भोकातून हात घालतं आणि क्षणात ओरडतं, “चमचा!” टाळ्या पडतात, पुढचं मूल येतं. मुलं खूश असतात, पण ज्या कामासाठी खोकं आणलं ते राहूनच जातं. चमचा हा शब्द त्या मुलाला आधीपासूनच येत होता. थंड, गुळगुळीत, टोकाशी खोलगट हे शब्द तोंडात यायच्या आधीच त्याची पाळी संपली.

यात मुलाची चूक नाही, हातच फार तल्लख असतो. रोबर्टा क्लॅट्झ्की आणि सुझन लेडरमन या संशोधकांनी १९८५ साली डोळे झाकलेल्या प्रौढांच्या हातात रोजच्या वापरातल्या शंभर वस्तू दिल्या, तेव्हा बहुतेक वस्तू त्यांनी पाच सेकंदांच्या आत ओळखल्या. मुलांनाही ओळखीची वस्तू चटकन कळते. म्हणून नियम उलटा करावा लागतो: नाव शेवटी. आधी कसं लागतं ते सांगायचं, बाकीच्या मुलांनी त्यावरून ओळखायचं.

त्यासाठी खोकं थोडं वेगळं बनवावं. बुटांच्या खोक्याला पुढून मुलाचा हात सहज जाईल एवढं भोक पाडायचं आणि जुन्या स्वेटरची बाही आतून चिकटवायची, म्हणजे डोकावता येत नाही. मागची बाजू मात्र पूर्ण कापून टाकायची आणि ती वर्गाकडे करायची. आता वर्गाला वस्तू दिसते, हात घालणाऱ्याला दिसत नाही. रांगेत कंटाळून ढकलाढकली करणारी मुलं याने आपोआप गुंततात. वस्तू मुलाच्या मुठीएवढ्या असाव्यात. चिंचोके, मणी, वाटाणे नकोत, ते नाका-कानात जातात.

आता “कसं लागतं?” एवढंच विचारलं तर उत्तर येतं, “छान.” इथे त्याच दोन संशोधकांचं पुढचं काम उपयोगी पडतं. आपल्याला काय जाणून घ्यायचं आहे त्याप्रमाणे हाताची हालचाल बदलते, हे त्यांनी दाखवून दिलं. मग बाईंनी प्रश्नाऐवजी हालचालच सांगावी. “बोट घासून बघ” म्हटलं की खरखरीत, गुळगुळीत, केसाळ असे शब्द निघतात. “दाबून बघ” म्हटलं की मऊ, टणक, लिबलिबीत. “नुसता हात ठेव” म्हटलं की थंड. “उचलून बघ” म्हटलं की जड किंवा हलकं. शब्द अडला तर दोन देऊन निवडायला सांगावं, “खरखरीत की गुळगुळीत?” पहिल्याने मऊ म्हटलं की पुढचे सगळे मऊच म्हणू लागतात, तेव्हा प्रत्येक मुलाला वस्तू बदलून द्यावी.

स्टीलचा आणि लाकडी चमचा एकदम आत ठेवून पाहावा. दोन्ही सकाळपासून त्याच खोलीत असतात, म्हणजे तितकेच गार. तरी मुलं बिनचूक सांगतात, स्टीलचा थंड. धातू हाताची ऊब भराभर ओढून घेतो, लाकूड हळूहळू. एवढं कारण मोठ्या गटाला कळतं.

पाच इंद्रियांचा धडा मात्र एका लिंबाने उत्तम होतो. खोक्यात हिरवं लिंबू ठेवायचं. मूल सांगतं: गोल, गार, टोकाशी बोंडासारखं. मग विचारायचं, “रंग कोणता?” “पिवळा!” बहुतेक मुलं ठामपणे सांगतात. वर्ग ओरडतो, “नाही, हिरवा!” आणि मूल गोंधळतं. तेव्हा बाईंनी शांतपणे विचारावं, “हाताला रंग कळला, की तुला लिंबू माहीत होतं म्हणून सांगितलंस?” माझ्या मते अख्ख्या खेळातला हा सगळ्यात मोलाचा प्रश्न आहे. आपल्याला जे आठवतं आणि बोटांना जे कळतं त्यातला फरक मुलाला इथे पहिल्यांदा जाणवतो. मग लिंबू कानाशी हलवायचं, काही ऐकू येत नाही. नखाने साल किंचित खरवडून हुंगायचं. शेवटी बाहेर काढून पाहायचं, कापून चाखायचं. चाखणं फक्त खाण्याच्या वस्तूंपुरतं आणि बाईंनी सांगितल्यावरच, हे दर वेळी बजावावं लागतं.

न बघता हाताने ओळखण्याची पिशवी मारिया माँटेसरींच्या साधनांमध्येही आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा महागड्या साधनांऐवजी परिसरातल्या वस्तू वापरण्यावर त्यांचा भर होता. या खेळालाही विकतचं काही लागत नाही: वाळलेल्या घोसाळ्याची जाळी, नारळाची करवंटी, आंब्याची कोय, कापूस, काथ्याची गुंडी.

काही मुलं हात घालतच नाहीत. अंधाऱ्या भोकाची भीती वाटते किंवा चिकट, केसाळ स्पर्श सहन होत नाही. त्यांना मागच्या उघड्या बाजूने, बघत बघत हात लावू द्यावा. आत ओलं, बुळबुळीत काही ठेवून किंचाळायला लावणं तर मुळीच नको. एकदा दचकलेलं मूल पुढच्या वेळी फक्त बोटाचं टोक आत घालतं, आणि तेवढ्याने ना वजन कळतं, ना आकार.