हळदीच्या दुधात मिरी कशासाठी?

मैत्रिणींनो, आपली वायगावची हळद पोटात गेली तरी तिच्यातलं कुरकुमिन रक्तात फारसं पोचत नाही. आतडं आणि यकृत त्याला साखरेसारखा एक तुकडा जोडतात आणि लगेच शरीराबाहेर काढतात. काळ्या मिरीतलं पायपरीन हे जोडकाम काही वेळ रोखतं. १९९८ साली बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजात निरोगी माणसांना २ ग्रॅम कुरकुमिनसोबत २० मिलिग्रॅम पायपरीन दिलं, तेव्हा रक्तातलं कुरकुमिन सुमारे वीसपट वाढलं.

पण पायपरीन काही औषधंही असंच रोखून धरतं. फिटच्या फेनिटॉइन गोळीचं प्रमाण त्यामुळे रक्तात वाढतं. म्हणून आम्ही गटात सांगतो: दुधात चिमूटभर मिरी चालेल, पण रोजच्या गोळ्या सुरू असतील तर हळद-मिरीच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारूनच घ्या.