महिन्यातून एकच ठिपका

सांगलीतल्या आमच्या शाखेचं शटर अर्ध्यावर आलं आहे. कॅशची टॅली झाली आहे, तिजोरीला दोन्ही किल्ल्या लागल्या आहेत, आणि सगळा स्टाफ खुर्च्या ओढून काउंटरच्या आतल्या बाजूला बसला आहे. टेबलावर शाल, श्रीफळ, पेढ्यांचा बॉक्स. शेजारी एक लांबोळकी वही आणि रबर लावलेली ग्राफपेपरची गुंडाळी. बँकेत निवृत्ती महिन्याच्या शेवटच्या दिवशी येते, आणि क्लार्कच्या खुर्चीत सगळी नोकरी काढलेल्या काकांचा हा शेवटचा दिवस आहे.

मॅनेजर मॅडमचं बोलून झालं आहे. काका उठतात, शाल घडी करून खुर्चीच्या पाठीवर टाकतात आणि गुंडाळीचं रबर काढतात. चिकटपट्टीने जोडलेले आठ-दहा कागद उलगडत टेबलाच्या कडेवरून खाली येतात. दोन पोरं पुढे होऊन टोकं धरतात. निळ्या पेन्सिलीची रेघ खालीवर होत गेलेली, तिच्या मागून लाल रेघ संथपणे चाललेली. आडवा एक छोटा चौकोन म्हणजे एक महिना.

"बँकेबद्दल मॅडम बोलल्या," काका सुरुवात करतात. "मी या कागदाबद्दल बोलतो. लंच टाइमला तुम्ही मला टिप्स विचारायचात आणि मी गप्प बसायचो. आज उत्तर देतो. माझ्याकडे टिप नाही, नियम आहे, आणि तो एवढासा आहे."

ते वही उघडतात. लेजरसारखेच रकाने आखलेले आहेत: महिना, निफ्टीचा बंद भाव, दहा महिन्यांची बेरीज, सरासरी. "महिन्याच्या शेवटच्या दिवशी बाजार बंद झाला की भाव लिहायचा. मागच्या दहा महिन्यांची सरासरी काढायची. भाव सरासरीच्या वर असेल तर निफ्टीचा फंड ठेवायचा. खाली असेल तर दुसऱ्या दिवशी विकायचा आणि पैसे साध्या ठेवीत ठेवायचे. पुन्हा वर आला की पुन्हा घ्यायचा. मधल्या एकोणतीस दिवसांत काही करायचं नाही."

"दहाच का, काका?" नव्याने लागलेला पोरगा विचारतो. तो कॅशला बसतो आणि मोबाइलवर सतत भाव बघत असतो.

"शोधून काढलेला जादूचा आकडा नाही तो. नऊ घे, बारा घे, फार फरक पडत नाही. बाजारातले लोक दोनशे दिवसांची सरासरी बघतात, तीही साधारण तेवढीच येते. दहाचा फायदा एवढाच की भागाकार करावा लागत नाही. बेरीज करायची आणि शेवटच्या आकड्याआधी दशांशचिन्ह द्यायचं."

ते मार्च २००८ च्या ओळीवर बोट ठेवतात. मी वाकून बघते. फेब्रुवारीची बेरीज ५०,७९१. तिच्यातून सगळ्यात जुना महिना, मे २००७ चे ४,२९६ वजा केले आहेत आणि मार्चचे ४,७३५ मिळवले आहेत. नवी बेरीज ५१,२३०. सरासरी ५,१२३. एका बाजूने नावे, दुसऱ्या बाजूने जमा, खाली शिल्लक. प्रत्येक बेरजेसमोर बारीक टिकमार्क आहे. क्लार्क स्वतःचंच काम दुसऱ्यांदा तपासतो तेव्हा करतो तसा.

"आता हा भाग बघा." काका कागदावर सरकतात. निळी रेघ कड्यावरून कोसळावी तशी खाली आली आहे. "८ जानेवारी २००८ ला निफ्टी ६,२८८ वर बंद झाला. त्याच महिन्यात बाजार कोसळला, २१ आणि २२ तारखेला तर घबराट होती. माझा नियम काय म्हणाला? काहीच नाही. महिनाअखेरचा भाव ५,१३७, सरासरी ४,९६६. अजून वरच. फेब्रुवारीतही वरच. मार्चअखेर ४,७३५, सरासरी ५,१२३. तेव्हा विकलं. म्हणजे वरच्या टोकापासून चौथा हिस्सा गेल्यावर. हा नियम शिखरावर विकत नाही. शिखर मागे पडलं हे कळायलाच त्याला वेळ लागतो, आणि तो वेळ त्याला द्यावा लागतो."

पंखा कागद उडवतो. शिपाईमामा येऊन कोपऱ्यावर स्टॅम्पपॅड ठेवतात.

"मी विकलं आणि एप्रिलअखेर भाव ५,१६६ वर गेला. मी विकलेल्या भावापेक्षा चारशेहून जास्त वर. सगळे म्हणाले, घाई केलीस. वही उघडली, सरासरी ५,२०८. बेचाळीस पॉइंट कमी पडत होते. नियमात 'जवळजवळ' असा रकाना नाही. थांबलो. ऑक्टोबरच्या २७ तारखेला निफ्टी २,५२४ वर बंद झाला."

कोणी बोलत नाही. काका पुढे सरकतात.

"खाली गेल्यावर स्वस्त म्हणून घ्यावंसं वाटतं. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, दर महिन्याला ठिपका टाकला, भाव लाल रेघेच्या खालीच. मार्च २००९ मध्ये ३,०२१ झाला, सरासरी ३,३९१. नाही. एप्रिलअखेर ३,४७४, सरासरी ३,३३५. घेतलं. आपल्याकडे वाफसा आल्याशिवाय कोणी पेरत नाही, पहिला पाऊस कितीही छान पडू दे. तसंच हे. पुढच्या महिन्यात निवडणुकीचा निकाल लागला. १८ मे ला बाजार एका दिवसात सतरा टक्क्यांवर उसळला, वरचं सर्किट लागून व्यवहारच बंद झाले. त्या दिवशी धावत आलेल्यांना घ्यायला जागा मिळाली नाही."

हिशेब ते वहीतून वाचून दाखवतात. ४,७३५ ला शंभर युनिट विकली असं धरलं तर त्याच पैशात ३,४७४ ला एकशे छत्तीस आली. मधल्या वर्षभराचं व्याज वेगळं, कर वेगळा. पोरांच्या डोळ्यांत चमक येते. कॅशवाला मोबाइल काढून काहीतरी टिपून घेऊ लागतो.

"थांब, लिहू नकोस," काका म्हणतात. "अजून अर्धंच झालंय."

ते कागदाचं दुसरं टोक धरणाऱ्याला जवळ बोलावतात. २०१८. इथे निळी आणि लाल रेघ एकमेकींत गुंतल्या आहेत.

"मार्चअखेर भाव १०,११४, सरासरी १०,२०३. विकलं. एप्रिलअखेर भाव १०,७३९, सरासरी १०,३२५. परत घेतलं, सहाशे पॉइंट वर. ऑक्टोबरअखेर १०,३८७, सरासरी १०,८१८. विकलं. नोव्हेंबरअखेर १०,८७७, सरासरी १०,८०३. परत घेतलं, पाचशेच्या आसपास वर. एका वर्षात दोनदा स्वस्तात विकून महागात घेतलं. शंभर युनिटांची नव्वद झाली. काहीही न करता बसून राहिलेल्याची शंभरच राहिली. वर ब्रोकरेज आणि कर माझ्या खात्यावर."

"मग नियम चुकीचा?" मॅडम विचारतात.

"नाही मॅडम. बाजार आडवा चालला की हा नियम असंच करतो. दर वेळी करतो. ही त्याची किंमत आहे. २००८ सारख्या वर्षात तो जे वाचवतो, त्याचा हप्ता तो अशा वर्षांत कापून घेतो. मला २०१८ मध्ये वाटलं नियमात सुधारणा करावी. दोन टक्क्यांची सूट ठेवावी, आणखी एखादी रेघ आखावी. मग आकडे मांडून पाहिले. दोन टक्क्यांच्या सुटीने मार्चमधली विक्री टळली असती. ऑक्टोबरमध्ये भाव चार टक्के खाली होता, ती टळली नसती. म्हणून चार टक्के ठेवले, तर २००८ च्या एप्रिलमध्ये बेचाळीस पॉइंट कमी असताना मी काय केलं असतं? दर चुकीमागे एक सूट ठेवत गेलो की नियम उरत नाही, नुसत्या सुटी उरतात. म्हणून तसाच ठेवला."

ते आणखी थोडं पुढे सरकतात. २०२० च्या खड्ड्यावर बोट. फेब्रुवारीअखेर भाव ११,२०२, सरासरी ११,६५९, विक्री. २३ मार्चला निफ्टी ७,६१० वर बंद. जुलैअखेर ११,०७३ ला सरासरीच्या वर, खरेदी. शंभराची एकशे एक. "एवढा मोठा खड्डा टळला, आणि हातात आला एक टक्का. तोही खर्चात गेला. कारण बाजार लवकरच परत वर आला आणि नियम हळू आहे. लॉकडाऊनमध्ये शांत झोपलो, एवढी कमाई मी धरतो. तुम्ही धरू नका, तुमचं तुम्ही ठरवा."

कॅशवाल्या पोराने मोबाइल खिशात ठेवला आहे. तो हळूच विचारतो, "काका, ऑप्शन्समध्ये हा नियम चालेल का?"

काकांचा आवाज पहिल्यांदा कडक होतो. "नाही. एक तर आपल्या कराराप्रमाणे क्लार्कने सट्टा करणं हे गंभीर गैरवर्तन आहे, नोकरी जाऊ शकते. दुसरं, आठवड्यात संपणाऱ्या वस्तूला दहा महिन्यांची सरासरी काय करणार? सेबीने २०२४ मध्ये तीन वर्षांचा हिशेब मांडला. वायदे आणि ऑप्शन्समधल्या दर शंभर वैयक्तिक व्यवहार करणाऱ्यांपैकी त्र्याण्णव तोट्यात. त्या आकड्यात तुझ्यासारखी खूप पोरं आहेत, बाळा. घरखर्चाचे, फीचे, कर्जाच्या हप्त्याचे पैसे तर या माझ्या नियमातही आणायचे नाहीत. दहा वर्षं लागणार नाहीत तेवढेच पैसे यात."

मग ते घड्याळ बघतात. "आजही महिनाअखेर आहे." भाव बाजार बंद झाल्यावर दुपारीच ठरलेला असतो. पण काका तो संध्याकाळीच लिहितात, दिवसाचं काम संपल्यावर. ते वही कॅशवाल्या पोरापुढे सरकवतात. तो बंद भाव लिहितो, जुना महिना वजा करतो, नवा मिळवतो. बेरीज चुकते. काका बोलत नाहीत, पेन्सिलीचं टोक हातच्याच्या जागी ठेवतात. पोरगा पुन्हा करतो. या वेळी जुळते, आणि काका समोर टिकमार्क करतात.

टाळ्या वाजतात, पेढे फिरतात. मी मात्र पेढा हातात घेऊन २०१८ च्या चार ओळी उतरवून घेते, कारण या भाषणातला सगळ्यात मोलाचा भाग मला तोच वाटतो. एकशे छत्तीस युनिटांची गोष्ट ऐकून कोणीही नियम स्वीकारेल. नियम आपल्याला पेलतो का, हे शंभराची नव्वद होतात त्या वर्षी कळतं. कोणी असा साधा नियम घेऊन बाजारात उतरणार असेल, तर त्याने आधी त्या नियमाचं सगळ्यात वाईट वर्ष स्वतःच्या हाताने, कागदावर, महिना-महिना मोजावं. ते वर्ष पाहूनही पुढच्या महिन्याचा ठिपका टाकायची तयारी असेल तरच पैसे लावावेत. नसेल तर ते बँकेतच ठेवावेत.